आप्पांची पिशवी

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी अमळनेरला आप्पांच्या घरी गेलो, तेव्हा त्यांनी कापडी पिशवी माझ्या पुढ्यात उलटी केली. आप्पा म्हणजे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त होऊन त्यांना वीस वर्षे झाली असून आता वय अठ्ठ्याहत्तर आहे. पिशवीतून जे पडले त्यात दिनदर्शिकेची फाडलेली पाने होती, औषधांच्या बिलांच्या पाठी होत्या, एका लग्नपत्रिकेचे पाकीट होते आणि एका जुन्या हजेरीपटाचे कोरे पानही होते. प्रत्येक चिठोऱ्यावर त्यांच्या वळणदार अक्षरात एखादे वाक्य होते, आणि बहुतेकांवर तारीख नव्हती.

"तू कचेरीत होतास, यातून माझं मृत्युपत्र लिहून दे," असे ते म्हणाले. मी महसूल खात्यात तीस वर्षे कारकुनी केली. सातबारा, आठ-अ आणि फेरफार हे माझे रोजचे अन्न होते, परंतु मृत्युपत्र हा वेगळा प्रकार आहे हे मला ठाऊक होते. म्हणून मी तेव्हाच सांगून ठेवले की मसुदा मी लिहीन, पण सही होण्यापूर्वी तो वकिलाला दाखवला जाईल. आप्पांना हे फारसे रुचले नाही. साध्या माणसाच्या साध्या कागदाला वकील कशाला, असे त्यांचे मत होते. आतून जिजींचा, म्हणजे आप्पांच्या पत्नीचा, आवाज आला, "आता कसाले लिखतस? मरी राहिनात का?" आप्पांनी उत्तर दिले नाही.

मी चिठ्ठ्या सतरंजीवर मांडल्या आणि एकेक वाचत गेलो. एकीवर होते : "घर तिचं. कोणी काढू नये." दुसरीवर : "वरचा मजला धाकट्याला, त्याने पैसे लावले." तिसरीवर : "दोन एकर मोठ्याला, त्यानेच राखली." चौथीवर : "वडिलोपार्जित तीन एकर, निम्मी माझी." आणखी एक होती : "बँकेचं काही करायचं नाही, नॉमिनी धाकटा आहे." एकीवर केवळ "ताईला पोत" एवढेच होते. औषधाच्या बिलामागे लिहिले होते : "उन्हाळ्यात बोअरचं पाणी शेजारी मागेल तर द्यावं." आणि एकीवर, सगळ्यांत अलीकडच्या शाईत : "पेन्शन तिच्यानंतर ताईला."

ही शेवटची चिठ्ठी आधी बाजूला काढली, कारण ती इच्छेने सुटणारी नव्हती. कुटुंब निवृत्तिवेतन ही मागे राहणारी मालमत्ता नव्हे. ते सेवानियमांप्रमाणे मिळते आणि मृत्युपत्राने कोणाकडे वळवता येत नाही. आप्पांनंतर ते जिजींना मिळेल, त्यासाठी वेगळे लिहायला नको. धुळ्याला दिलेल्या विवाहित मुलीकडे, म्हणजे ताईकडे, ते आप्पांच्या मर्जीने जाणार नाही. आप्पा म्हणाले, "म्हणजे मी माझंच देऊ शकतो." बहुतेक वाद हे वाक्य विसरल्यानेच सुरू होतात, हे मी कचेरीच्या खिडकीतून पाहिले आहे.

बँकेची चिठ्ठीही तशीच फसवी निघाली. मुदत ठेवीवर नॉमिनी म्हणून पुण्याच्या धाकट्याचे नाव होते आणि त्यामुळे ती रक्कम त्याचीच झाली असा आप्पांचा समज होता. नॉमिनी हा बँकेने कोणाच्या हाती पैसे द्यायचे एवढ्यापुरता असतो. पैसे घेतल्यानंतर ते खऱ्या वारसांना किंवा मृत्युपत्रातील लाभार्थ्यांना देण्याची जबाबदारी त्याच्यावर राहते. बँक खात्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली हे स्पष्ट केले आहे. आयुर्विम्याचा नियम २०१५ च्या दुरुस्तीनंतर थोडा निराळा आहे, पण आप्पांचा विमा केव्हाच परिपक्व होऊन खर्च झाला होता. ठेव तीन भावंडांनी समान वाटून घ्यावी असे आप्पांच्या मनात होते, आणि तशी ती व्हायची तर मसुद्यात लिहिणे भागच होते.

मग मी जमिनीकडे वळलो, जिथे माझा हात चालतो. आप्पांच्या चिठ्ठीवर दोन एकरांपुढे जो नंबर होता तो जुना सर्व्हे नंबर होता. त्या गावात एकत्रीकरण होऊन गट नंबर पडले त्यालाही जमाना झाला, परंतु आप्पांच्या वहीत वडिलांच्या काळचा आकडाच चालत आलेला होता. मृत्युपत्रात हा आकडा गेला असता तर त्यांच्या पश्चात फेरफार नोंदवताना पहिला आक्षेप तिथेच निघाला असता. मी मोठ्याला ताजा सातबारा आणि आठ-अ काढायला पाठवले. क्षेत्र ८० आर निघाले, म्हणजे बोलीतले दोन एकर. मसुद्यात गट नंबर, क्षेत्र, आकार आणि चतुःसीमा लिहिल्या आणि जमीन १९९४ साली आप्पांनी स्वतःच्या पगारातून घेतल्याचे खरेदीखताच्या क्रमांकासह लिहिले. घराचेही तसेच झाले. आप्पा घरपट्टीच्या पावतीवरचा क्रमांक सांगत होते, मी मालमत्ता पत्रकावरचा सिटी सर्व्हे नंबर घेतला, कारण पावती कर भरल्याचे सांगते, मालकीचे नाही.

वडिलोपार्जित तीन एकरांच्या पुढे मात्र माझे पेन थांबले. सातबाऱ्यावर आप्पा आणि त्यांचे धाकटे भाऊ अशी दोनच नावे होती, त्यामुळे "निम्मी माझी" हे हिशेबाला बरोबर दिसत होते. मी तसे लिहिले आणि समासात प्रश्नचिन्ह काढून ठेवले. त्या प्रश्नचिन्हाने पुढे दोन आठवडे खाल्ले.

आठवडाभरात चार पानी मसुदा तयार झाला. सुरुवात मी कचेरीच्या जुन्या वळणानेच केली : "कारणे मृत्युपत्र लिहून ठेवतो ऐसा जे की," आणि पुढे, माझे वय झालेले असले तरी माझी स्मरणशक्ती व मनःस्थिती उत्तम आहे, हे मृत्युपत्र मी कोणाच्याही दबावाखाली न येता लिहून ठेवीत आहे, यापूर्वी मी काही मृत्युपत्र अथवा तत्सम लेख केला असल्यास तो याद्वारे रद्द समजावा. या शेवटच्या वाक्यावर आप्पांनी पिशवीकडे पाहिले. साक्षीदारांविना लिहिलेली ती चिठोरी कायद्याने मृत्युपत्रे नव्हतीच, परंतु आप्पांच्या हस्ताक्षरातले "वरचा मजला धाकट्याला" कपाटात सापडले तर भांडायला निमित्त पुरेसे होते.

घराचे कलम मी असे लिहिले होते : "राहते घर माझ्या पश्चात माझ्या पत्नीच्या संपूर्ण मालकीचे होईल व तिच्या पश्चात ते दोन्ही मुलांना समसमान मिळेल." आप्पांना ते फार आवडले. दोन चिठ्ठ्यांचे भांडण एका वाक्यात मिटले असे मलाही वाटले होते.

वकीलबाई जळगावला बसतात. वयाने माझ्या मुलीएवढ्या आहेत, पण त्यांनी मसुदा वाचताना पेन्सिल प्रथम त्याच वाक्यावर ठेवली. त्यांनी विचारले, "काका, घर आजींच्या संपूर्ण मालकीचं असेल तर त्यांच्यानंतर ते कोणाला जावं हे आप्पा कसे ठरवणार?" मालक तिला केले की विकण्याचा, बक्षीस देण्याचा आणि स्वतःचे मृत्युपत्र करण्याचा अधिकारही तिला गेला. आधी पूर्ण मालकी द्यायची आणि मागून तिला शेपूट लावायचे, तर बहुधा ते शेपूट गळून पडते, आणि ते गळले की नाही हे ठरवायला कोर्टात जावे लागते.

मी सुचवले की मग पत्नीला फक्त हयातभर राहण्याचा हक्क द्यावा आणि मालकी मुलांना. त्यावर त्या म्हणाल्या की तेही लिहिता येते, परंतु तिथे हिंदू उत्तराधिकार कायद्याचे कलम १४ आडवे येते. मृत्युपत्राने स्त्रीला मर्यादित हक्क दिला असेल तर तो मर्यादितच राहतो, असे त्या कलमाचा दुसरा भाग सांगतो. पहिला भाग मात्र म्हणतो की हिंदू स्त्रीच्या ताब्यातली मालमत्ता तिच्या पूर्ण मालकीची होते. पत्नीचा पोटगीचा हक्क मृत्युपत्राच्या आधीपासूनच असतो. त्या हक्काच्या बदल्यात मालमत्ता दिली असेल तर, मर्यादा लिहिली असली तरी, पहिला भाग लागू होतो, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९७७ चा तुलसम्मा प्रकरणातला निकाल आहे. एखादे कलम कोणत्या भागात बसते यावर तेव्हापासून आजतागायत खटले चालू आहेत. "तुम्हाला आजींना घर द्यायचं आहे की घरात ठेवायचं आहे, ते आधी ठरवा," असे त्या म्हणाल्या.

बसमध्ये आप्पा पारोळ्यापर्यंत काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, "मुलं चांगली आहेत रे. पण मुलं चांगली आहेत यावर तिनं का राहावं?" दुसऱ्या दिवशी त्यांनी निर्णय सांगितला : घर जिजींचे, पूर्ण मालकीने, मागे काहीही न जोडता. पुढे कोणाला द्यायचे ते जिजींनी त्यांच्या मृत्युपत्रात ठरवावे. धाकट्याने वरच्या मजल्याला घातलेल्या पैशांची भरपाई म्हणून ठेवीतील एक ठराविक रक्कम आधी त्याला द्यावी आणि उरलेली तिघांत वाटावी. वकीलबाईंनी एक वाक्य जोडायला लावले जे माझ्या ध्यानात आले नव्हते : जिजी आप्पांच्या आधी गेल्या तर घर कोणाचे? आप्पांनी क्षणभर विचार करून तीन बोटे दाखवली. घरात ताईचे नाव प्रथमच आले ते असे.

आता त्या प्रश्नचिन्हाकडे येतो. तीन एकर खरोखर वडिलोपार्जित आहे का, हे वकीलबाईंनी विचारले तेव्हा आप्पांना ते विचित्र वाटले, कारण वडिलांकडून आलेली जमीन म्हणजे वडिलोपार्जितच. पण कायद्याची बोली वेगळी आहे. ती जमीन आप्पांच्या वडिलांनी स्वतः विकत घेतली होती आणि ते १९७९ साली मृत्युपत्र न करता वारले. १९५६ नंतर बापाची स्वकष्टार्जित मालमत्ता वारसाने आली तर ती मुलाची स्वतःची धरली जाते, त्याच्या मुलांना तीत जन्माने हिस्सा येत नाही. म्हणजे आप्पांचा जो भाग असेल त्याचे ते पूर्ण मृत्युपत्र करू शकत होते. जमीन खरोखर एकत्र कुटुंबाची असती तर २००५ च्या दुरुस्तीप्रमाणे ताईचाही मुलांइतकाच जन्मसिद्ध हिस्सा निघाला असता आणि आप्पांना केवळ आपल्या अविभक्त हिश्श्यापुरते लिहिता आले असते. इथवर ऐकून आप्पा खूश झाले.

"मग १९७९ ला वारस किती होते?" असे वकीलबाईंनी विचारले.

आप्पांना एक बहीण आहे. चोपड्याला दिलेली, आता सत्तरीच्या पुढची. वडील गेले तेव्हा आईही हयात होती. कायद्याने आई, दोन मुलगे आणि मुलगी असे चार समान वारस होते. फेरफाराच्या जुन्या पानावर मुलगी लग्न होऊन नांदते आहे, तिची हरकत नाही अशा अर्थाची एक ओळ होती आणि दोन भावांची नावे लागली होती. अशा ओळी मी स्वतः शेकडो वाचल्या आहेत, काही खिडकीच्या या बाजूने लिहूनही घेतल्या असतील. त्या ओळीने बहिणीचा मालकी हक्क संपत नाही. त्यासाठी नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागते आणि ते झालेले नव्हते. सातबारा हा महसुलाचा कागद आहे, मालकीचा अंतिम पुरावा नव्हे, हे मी इतरांना आयुष्यभर सांगत आलो आणि घरच्या कागदावर मात्र "निम्मी" लिहून बसलो.

आप्पा स्वतः चोपड्याला जाऊन आले. बहीणभावांत काय बोलणे झाले ते त्यांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही. मसुद्यातले "निम्मी" खोडून तिथे वकीलबाईंनी घातलेले शब्द आले : "सदर मिळकतीत माझा जो काही हक्क, हिस्सा व हितसंबंध असेल तो." हे शब्द बघायला ढिले वाटतात, पण मृत्युपत्र माणसाच्या नसलेल्या गोष्टी देऊ शकत नाही आणि असलेली गोष्ट चुकीच्या मापाने लिहिली तर गोंधळ होतो. वाटणीचा निवाडा मृत्युपत्रात करायचाच नसतो. तो भावंडांनी वेगळ्या कागदाने करायचा.

साक्षीदारांसाठी आप्पांनी दोन नावे आधीच ठरवली होती : त्यांचे सकाळच्या फिरण्यातले मित्र, वय एक्क्याऐंशी, आणि मोठ्या मुलाचा मेहुणा. दोन्ही नावे मी गाळली. मृत्युपत्र आप्पांच्या पश्चात उघडणार, आणि ते कोर्टात शाबीत करायची वेळ आली तर साक्षीदार हयात असल्यास दोघांपैकी निदान एकाला जबाब द्यावा लागतो. म्हणून साक्षीदार हा मृत्युपत्र करणाऱ्यापेक्षा वयाने लहान, ठावठिकाणा असलेला आणि मृत्युपत्रातून काहीही न मिळणारा असावा. ज्याला मिळणार त्याच्या घरचा माणूस साक्षीला असला की संशयाला जागा होते. साक्षीदाराने आतला मजकूर वाचलेला असण्याची गरज नसते. सही कोणी केली एवढेच त्याने पाहायचे असते. शेवटी आप्पांचे एक माजी विद्यार्थी, जे आता त्याच शाळेत शिकवतात, आणि दर महिन्याला आप्पांचा रक्तदाब बघणारे डॉक्टर असे दोघे ठरले. डॉक्टरांनी त्याच दिवशी आप्पांना तपासून, ते शुद्धीवर असून सर्व समजून सही करीत आहेत, असे प्रमाणपत्रही दिले.

सहीच्या दिवशी बैठकीत पंखा बंद ठेवला, कागद उडू नयेत म्हणून. आप्पांचे विद्यार्थी उत्साहाने आत आले आणि पेन उचलून साक्षीदाराच्या जागी सही करायला वाकले, तेव्हा मी त्यांचा हात धरला. आधी आप्पा, मग ते. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याचे कलम ६३ एवढेच मागते : मृत्युपत्र करणाऱ्याने सही करावी. किमान दोन साक्षीदारांपैकी प्रत्येकाने ती सही होताना पाहावी किंवा "ही सही माझी" असे करणाऱ्याच्या तोंडून ऐकावे. आणि प्रत्येकाने करणाऱ्याच्या समक्ष स्वतःची सही करावी. दोघे साक्षीदार एकाच वेळी हजर असणेही सक्तीचे नाही, पण तसे असले की पुढे जबाब देताना अडखळायला होत नाही. डॉक्टरांना मध्येच फोन आला आणि ते ओट्यावर गेले, तेव्हा आप्पांनी मुख्याध्यापकाच्या आवाजात सर्वांना थांबवले आणि डॉक्टर परत येईपर्यंत पेन खाली ठेवले. चारही पानांवर खाली आप्पांची सही, शेवटच्या पानावर पूर्ण सही, तारीख, ठिकाण आणि त्याखाली साक्षीदारांची नावे, वये, पत्ते व सह्या. तिसऱ्या पानावर क्षेत्राच्या आकड्यात टंकनाची एक चूक सापडली. तिथे पेनाने दुरुस्ती करून समासात तिघांनी सह्या करण्याची सोय कायद्यात आहे, पण मी ते पान नव्याने छापून आणले. खाडाखोड दिसली की प्रश्न येतात.

मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही आणि नोंदणीही सक्तीची नाही. तरीही वकीलबाईंच्या सल्ल्याने आप्पांनी दुय्यम निबंधकाकडे जाऊन दोन्ही साक्षीदारांसह नोंदणी केली. त्याने कागद हरवण्याची आणि "ही सही त्यांची नाहीच" असे म्हटले जाण्याची भीती कमी होते, इतकेच. नोंदलेले मृत्युपत्र अभेद्य नसते, आणि नंतरच्या तारखेचे साध्या कागदावरचे मृत्युपत्रही, साक्षीदारांसह रीतसर झाले असेल तर, त्याला रद्द करू शकते.

बोअरच्या पाण्याचे काय करावे हा प्रश्न उरला होता. शेजाऱ्याला पाण्याचा हक्क लिहून दिला तर जमिनीवर बोजा झाला. न लिहिले तर आप्पांना चैन पडेना. शेवटी ते "माझी इच्छा आहे, यावरून कोणाचा हक्क निर्माण होत नाही" अशा शब्दांत शेवटच्या परिच्छेदात बसवले. वकीलबाईंनी ते वाचून पेन्सिल उचलली आणि पुन्हा खाली ठेवली.

पिशवीतली चिठोरी आप्पांनी चुलीत घातली. "घर तिचं. कोणी काढू नये" ही मात्र जिजींनी मागून घेतली आणि देवघरात पोथीत ठेवली. त्या चिठ्ठीने काही बिघडत नव्हते, ती मृत्युपत्राशी जुळत होती.

मृगाच्या आसपास आप्पांचा फोन आला. सागवानी पेटी नातीला द्यायची राहिली होती आणि त्यांनी ते एका बसच्या तिकिटामागे लिहून ठेवले होते. मी सांगितले की त्यासाठी पुरवणी मृत्युपत्र करावे लागेल, आणि त्यालाही दोन साक्षीदार, तशाच सह्या.

"डॉक्टर येतील," आप्पा म्हणाले. "मास्तर मात्र कपाशी लावायला गावी गेलाय. पाऊस होऊ दे."